तेराव्या मिनिटाला काय झालं?

सप्टेंबर २०२३मध्ये ‘सायबरपंक २०७७’ या गेमची २.० ही मोठी सुधारित आवृत्ती येऊ घातली होती. ती येण्याच्या आधी सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश स्टुडिओतल्या एका ज्येष्ठ प्रोग्रॅमरने समाजमाध्यमावरून खेळाडूंना एक सूचना केली. आपापल्या संगणकाची कूलिंग व्यवस्था आधी तपासून घ्या, कारण आठ कोअरच्या प्रोसेसरवरही ९० टक्के भार पडणं अपेक्षित आहे, असा तिचा आशय होता. गेम बनवणाऱ्यानेच ‘पंखे बघून घ्या’ म्हणावं, हे तसं नवलाचंच. पण ज्यांनी हा गेम लॅपटॉपवर अर्धा तास सलग खेळला असेल, त्यांना त्यात अतिशयोक्ती वाटली नसणार.

त्यांची तक्रार ठरलेली असते. पहिली दहा-बारा मिनिटं गेम मस्त चालतो. मग काही कारण नसताना अडखळायला लागतो. पंखे तर आधीपासूनच कोकलत असतात. कुणी म्हणतं ड्रायव्हर बदल, कुणी म्हणतं विंडोज पुन्हा टाक, कुणी नवीन रॅम घ्यायला सांगतं. यातलं काहीही करण्याआधी संगणकाने स्वतः लिहून ठेवलेला हिशोब वाचला, तर नेमकं कुठे आणि कशामुळे अडलं हे बहुतेक वेळा अर्ध्या तासात कळतं.

मंदावण्याच्या या प्रकाराला थ्रॉटलिंग म्हणतात. यात चिप बिघडलेली नसते. उलट बिघडू नये म्हणून ती स्वतःच आपला वेग कमी करते, आणि त्याची मुख्य कारणं दोन. पहिलं तापमान. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. तिथे पोचलं की प्रोसेसर क्लॉक आणि व्होल्टेज उतरवतो, म्हणजे उष्णता कमी तयार होते. दुसरं कारण वीज. किती वॅट खायचे याची हद्द प्रोसेसरला आखून दिलेली असते. इंटेलमध्ये अशा दोन हद्दी महत्त्वाच्या. थोडा वेळ चालणारी मोठी हद्द म्हणजे PL2 आणि कायम पाळायची लहान हद्द म्हणजे PL1. कोअर आय७-१२७००एच या लॅपटॉप प्रोसेसरसाठी इंटेलचे आकडे ११५ वॅट आणि ४५ वॅट असे आहेत, पण लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या पंख्यांच्या आणि हीटसिंकच्या कुवतीप्रमाणे ते वरखाली करते. त्यामुळे एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या चालींनी धावतो, आणि दुकानातल्या पाटीवर हा फरक लिहिलेला नसतो.

दोन्ही कारणांचा खेळणाऱ्याला दिसणारा परिणाम सारखाच: फ्रेम कमी होतात. उपाय मात्र अगदी वेगळे. तापमानामुळे वेग उतरत असेल तर साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट कामाला येते. वॅटच्या हद्दीमुळे उतरत असेल तर पेस्टवर घातलेले पैसे वाया जातात, कारण लॅपटॉप थंड होतो पण एक फ्रेमही वाढत नाही. म्हणूनच आधी निदान.

निदानासाठी विंडोजवर HWiNFO हे साधन सर्वाधिक वापरलं जातं. ते वैयक्तिक वापरासाठी फुकट आहे. सुरू करताना `Sensors-only` हा पर्याय निवडला की सेन्सरांची लांबलचक यादी उघडते, आणि खालच्या पट्टीवरचं लॉगिंगचं बटण दाबलं की प्रत्येक सेन्सरचा आकडा ठरावीक अंतराने सीएसव्ही फाइलमध्ये उतरत जातो. हे अंतर मुळात दोन सेकंदांचं असतं. सेटिंगमध्ये ते १००० मिलिसेकंद करून घ्यावं. सोबत RTSS हा छोटा प्रोग्रॅम चालू ठेवला तर एफपीएसही त्याच फाइलमध्ये येतो. हे फार सोयीचं पडतं, कारण मग फ्रेम घसरल्या त्या क्षणी चिप काय करत होती हे एकाच ओळीत वाचता येतं.

लॉग घेताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वेळेचा. सायबरपंकमध्ये स्वतःचा बेंचमार्क आहे, पण तो साधारण मिनिटभराचा. जाड तवा तापायला जसा वेळ लागतो, तसाच लॅपटॉपमधल्या तांब्याच्या नळ्यांना, पंख्यांखालच्या पात्यांना आणि खोक्यालाही लागतो. मिनिटभराच्या चाचणीत सगळं ठीक दिसतं आणि खरा गोंधळ त्यानंतर सुरू होतो. म्हणून गेममधली गर्दीची जागा निवडावी. सायबरपंकमध्ये जपानटाउनचा चेरी ब्लॉसम मार्केट हा प्रोसेसरला घाम फोडणारा भाग म्हणून प्रसिद्ध आहे. तिथला एक सेव्ह ठेवून सलग पंचवीस-तीस मिनिटं खेळावं. पुढच्या प्रत्येक चाचणीला तोच सेव्ह, तीच ग्राफिक्स सेटिंग, चार्जर लावलेला आणि लॅपटॉपचा परफॉर्मन्स मोडही तोच. खोलीचं तापमान कागदावर लिहून ठेवावं, कारण ते लॉगमध्ये येत नाही. बहुतेक समीक्षा वातानुकूलित खोलीत केलेल्या असतात. मे महिन्यात नागपुरात पस्तीस-छत्तीस अंशांच्या खोलीत बसून तेच आकडे मिळावेत ही अपेक्षा गैर आहे. खोली दहा अंशांनी गरम असेल तर तेवढेच वॅट खाणारी चिपही ढोबळमानाने दहा अंशांनीच गरम असणार.

फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली की पहिल्यांदा छाती दडपते. दोनशे-तीनशे स्तंभ सहज असतात. शिवाय अंशाच्या चिन्हाच्या जागी कधी कधी भलतीच अक्षरं दिसतात, आणि फाइलच्या शेवटी मथळ्यांच्या ओळी पुन्हा छापलेल्या असतात. त्या उडवून टाकाव्यात, नाहीतर आलेख बिघडतो. बाकीचे बहुतेक स्तंभ लपवले तरी चालतात. प्रोसेसरसाठी तीन ठेवायचे: `CPU Package [°C]`, `CPU Package Power [W]` आणि कोअरचा सरासरी क्लॉक. ग्राफिक्स कार्डासाठी तापमान, वॅट, क्लॉक आणि लोड हे चार. त्यांच्या जोडीला एफपीएस. आणखी एक स्तंभ पुढे गुन्हेगार पकडून देणार आहे, `PL1 Power Limit (Dynamic) [W]`, तोही राहू द्यावा.

आता वाचायचं कसं? सुटा आकडा बघून फारसं काही हाती लागत नाही. प्रोसेसर ९५ अंशांवर आहे, एवढ्यावरून तो अडतो आहे असं ठरत नाही. क्लॉक ३५०० आहे, हा मुळात कमी आहे की कमी केला गेला आहे, हेही कळत नाही. तापमान, वॅट आणि क्लॉक या तिघांचे आलेख एकाखाली एक काढावेत आणि त्यातली कोणती रेघ पट्टीने आखल्यासारखी सपाट आहे ते शोधावं. चिप ज्या भिंतीला टेकलेली असते तिची रेघ सपाट होते, बाकीच्या रेघा तिच्या मागून हलतात. तापमान ९९वर चिकटून बसलं आहे आणि वॅट मात्र हळूहळू उतरत आहेत, तर अडथळा उष्णतेचा. वॅट एका आकड्यावर गोठले आहेत आणि तापमान मर्यादेच्या बरंच खाली मोकळं फिरतं आहे, तर अडथळा विजेचा.

हे प्रत्यक्ष पाहायला एक नमुना लॉग घेऊ. यातले आकडे एका विशिष्ट मशिनचे नाहीत. आय७-१२७००एच प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० कार्ड असलेला, दोनेक वर्षं वापरलेला आणि आत धूळ साचलेला लॅपटॉप ज्या रीतीने वागतो, तसे ते मांडलेले आहेत. खोलीचं तापमान ३१ अंश. कंपनीने प्रोसेसरला PL1 दिलेला आहे ७५ वॅट आणि कार्डाला ११५ वॅट. कार्डाची तापमानमर्यादा ८७ अंश. तासाभराचा लॉग म्हणजे हजारो ओळी, त्यामुळे पाचच ओळी आणि मथळे आखूड करून:

```
Time   CPU°C CPU_W  MHz  PL1dyn GPU°C GPU_W GPU_MHz GPU% FPS
00:01    89    70   4080   75     71   115   1755    98   74
00:05    99    61   3790   75     82   115   1725    98   73
00:12    99    52   3480   75     87   104   1605    98   68
00:13    84    35   2690   35     86    92   1635    84   57
00:20    83    35   2680   35     82    86   1710    83   57
```

पहिल्या मिनिटाला प्रोसेसर कुठेच टेकलेला नाही. ८९ अंश म्हणजे मर्यादेला अवकाश आहे, ७० वॅट म्हणजे हद्दीलाही अवकाश आहे. कार्ड मात्र ११५ वॅटवर आहे. ती त्याची हद्द. म्हणजे कार्ड पहिल्या मिनिटापासूनच विजेच्या हद्दीला टेकलेलं आहे, आणि HWiNFOच्या `Performance Limit - Power` या स्तंभात अगदी सुरुवातीपासून `Yes` दिसणार आहे. हा `Yes` बघून अनेकांच्या पोटात गोळा येतो. येऊ देऊ नये. एनव्हीडियाचं कार्ड दिलेले वॅट पुरेपूर वापरून त्यात जमेल तेवढा क्लॉक गाठतं, त्याची रचनाच तशी आहे. पूर्ण भाराखाली त्याने विजेची हद्द गाठणं ही निरोगीपणाची खूण म्हणावी लागेल.

पाचव्या मिनिटाला प्रोसेसर ९९ अंशांवर गेला. बाराव्या मिनिटालाही तो ९९वरच आहे, पण वॅट ६१वरून ५२वर आणि क्लॉक ३७९०वरून ३४८०वर आलेला आहे. सपाट रेघ तापमानाची, उतरती रेघ वॅटची. सरळसरळ उष्णतेचं थ्रॉटलिंग. `Core Thermal Throttling` या स्तंभात या सात मिनिटांत ओळीमागून ओळ `Yes` भरलेली असेल.

आता एफपीएसकडे पाहा. पाचव्या मिनिटाला प्रोसेसरने क्लॉक चांगला तीनशे मेगाहर्ट्‌झने कमी केला होता, तरी फ्रेम ७४च्या ७३ झाल्या, म्हणजे जवळपास तेवढ्याच राहिल्या. कारण शेजारच्याच स्तंभात आहे: कार्डाचा लोड ९८ टक्के. गेमचा वेग त्या वेळी कार्ड ठरवत होतं आणि प्रोसेसर थोडा सुस्तावला तरी कार्डाला पुरेसं काम देऊ शकत होता. बाराव्या मिनिटाला फ्रेम ६८ झाल्या त्या कार्डामुळे. कार्ड ८७ अंशांवर, म्हणजे आपल्या तापमानमर्यादेला पोचलं, त्याचे वॅट ११५वरून १०४वर आले आणि क्लॉक १६०५वर. त्या मिनिटाला प्रोसेसर आणि कार्ड दोघेही उष्णतेने अडलेले आहेत, पण खेळणाऱ्याला सोसावी लागते ती फक्त कार्डाची झळ. लॅपटॉपमध्ये दोघांचा हीटसिंक बहुधा सामायिक असतो. एकाने तापवलेल्या तांब्याची शिक्षा दुसऱ्यालाही भोगावी लागते.

आणि मग तेरावं मिनिट. इथे वाचणारा सहज फसतो. प्रोसेसरचं तापमान एका मिनिटात ९९वरून ८४वर आलं. कार्डही एका अंशाने थंड झालं आणि त्याचा क्लॉक चक्क वाढला. ऑनस्क्रीन आकडे बघत खेळणाऱ्याला वाटेल, चला, पंख्यांनी मेहनत घेतली, परिस्थिती सुधारली. पण फ्रेम ६८वरून ५७वर कोसळल्या आहेत, आणि गेम अडखळायला लागला तो नेमका इथेच.

उत्तर `PL1dyn`च्या स्तंभात आहे. बारा मिनिटं ७५ असलेला आकडा एकाएकी ३५ झाला. प्रोसेसरची विजेची हद्द मध्येच कुणीतरी निम्म्याहून खाली आणली. हा ‘कुणीतरी’ म्हणजे लॅपटॉपचं फर्मवेअर. कंपन्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरखेरीज आणखी सेन्सर बसवतात, मदरबोर्डवर आणि खोक्याच्या कवचाजवळ. कीबोर्ड किंवा तळ ठरावीक तापमानापलीकडे गेला की वापरणाऱ्याचा हात भाजू नये म्हणून फर्मवेअर प्रोसेसरचे वॅट कापतं. त्या क्षणापासून वॅटची रेघ ३५वर सपाट आणि तापमान मोकळं. लॉगच्या भाषेत हे विजेचं थ्रॉटलिंग आहे, कारण `Power Limit Exceeded`च्या स्तंभात `Yes` येतो आणि तापमानाच्या स्तंभात `No`. मूळ कारण मात्र उष्णताच. फक्त `Yes`/`No` बघणारा इथे ठामपणे चुकीचं निदान करेल, ‘तापमान ठीक आहे, साफसफाईची गरज नाही’ असं. PL1ची रेघ सोबत काढली तर चूक होत नाही. ती पहिल्यापासून ३५ असती तर हद्द कंपनीने किंवा सायलेंट मोडने घातलेली, आणि पेस्ट बदलून काही साधलं नसतं. ती वाटेत खाली आली आहे, म्हणजे उष्णतेवर काम केलं तर ती वर राहू शकते.

कार्डाचा क्लॉक का वाढला, हेही आता उलगडतं. ३५ वॅटमध्ये २६९० मेगाहर्ट्‌झवर रखडणारा प्रोसेसर कार्डाला पुरेसं काम देऊ शकत नाही, म्हणून कार्डाचा लोड ८४ टक्क्यांवर आला. काम कमी म्हणून वॅट कमी, वॅट कमी म्हणून तापमान कमी, आणि तापमान मर्यादेखाली आल्यावर क्लॉक वर. कार्ड रिकामं बसून थंड झालं आहे. क्लॉक आणि तापमान एवढंच बघणाऱ्याला हा बदल चांगला वाटतो. लोडचा स्तंभ जोडला की खरी गोष्ट दिसते.

लॉगमधल्या `Yes`ची गंमत अशी की तो क्षणिकही असू शकतो. गेमचं नवीन ठिकाण लोड होताना एखादा कोअर सेकंदभर १०० अंशांना शिवतो आणि उतरतो. सेन्सरच्या खिडकीत कमाल मूल्याच्या रकान्यात तो `Yes` कायमचा दिसत राहतो, आणि लोक त्याचाच स्क्रीनशॉट काढून हवालदिल होतात. किती ओळींत `Yes` आला हे मोजलं की प्रश्न सुटतो. स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी एवढंच पुरतं:

```
=COUNTIF(H2:H1501,"Yes")/ROWS(H2:H1501)
```

पंचवीस मिनिटांच्या पंधराशे ओळींत दहा-वीस ओळी `Yes` असतील तर सोडून द्यावं. निम्म्याहून जास्त असतील, तर मग सपाट रेघ शोधायला बसावं. दर सेकंदाला एक नोंद म्हणजे मधल्या काळात घडलेलं बरंच काही निसटतं, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. निमिषभराचा धक्का, एखादी अडकलेली फ्रेम, या लॉगमध्ये सापडणार नाही. त्यासाठी प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवणारं CapFrameXसारखं साधन लागतं. थ्रॉटलिंग मात्र मिनिटांच्या हिशोबात चालतं, त्याला सेकंदाची नोंद पुरेशी आहे.

मंदावणं दिसलं पण दोन्ही रेघांपैकी कुठलीच सपाट नाही, असंही होतं. फ्रेमवर ६०चा लगाम घातलेला असेल तर कार्ड स्वतःहून क्लॉक उतरवतं, कारण त्याला तेवढ्या कष्टांची गरज नसते. मेनू उघडला, नकाशा उघडला, की पुन्हा तेच. अशा वेळी एनव्हीडियाच्या कार्डावर `Performance Limit - Utilization`मध्ये `Yes` येतो. हे थ्रॉटलिंग नव्हे. शिवाय कार्ड गरम होत जाईल तसा त्याचा क्लॉक मर्यादेच्या बराच आधीपासून १५-१५ मेगाहर्ट्‌झच्या पायऱ्यांनी उतरत असतो. आपल्या नमुन्यात पहिल्या पाच मिनिटांत १७५५चे १७२५ झाले ते असे. त्याची काळजी करायचं कारण नाही.

निदान झालं, आता उपायाची परीक्षा. इथेही लॉगच कामाला येतो, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे पथ्य पाळलं तरच. त्याच लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून, तळाच्या जाळीला हवा मोकळी करून दुसरा लॉग घेतला असं धरू. बाराव्या मिनिटाला प्रोसेसर पुन्हा ९९ अंशांवरच आहे. बहुतेक जण इथे हात झटकतात: काही फरक नाही, एक अंशही कमी झाला नाही. वॅटचा स्तंभ मात्र ५२ऐवजी ६१ दाखवतो आहे. उष्णतेने अडलेली चिप जास्तीची थंडाई तापमान उतरवण्यात घालवत नाही. ती लगेच वेग वाढवून मर्यादेपर्यंतची जागा वापरून टाकते. म्हणून अशा लॅपटॉपमध्ये सुधारणा तापमानात शोधायचीच नाही, ती वॅटमध्ये शोधायची. याच चाचणीत फर्मवेअरने PL1 कापला तो तेराव्याऐवजी एकोणिसाव्या मिनिटाला. सुधारणा खरी, पण अपुरी.

मग पंखे आणि पाती साफ करून, पेस्ट बदलून तिसरा लॉग. हे काम जमत नसेल त्याने कारागिराकडून करून घ्यावं. सुटणाऱ्या क्लिपा आणि नाजूक केबल यांची सवय नसलेल्या हातांनी नुकसान लवकर होतं. आता विसाव्या मिनिटाला प्रोसेसर ९४ अंश आणि ६४ वॅट, PL1 अजून ७५वरच, कार्ड ८२ अंश, ११५ वॅट, लोड ९८ टक्के, एफपीएस ७३. प्रोसेसर कुठेच टेकलेला नाही आणि कार्ड फक्त आपल्या विजेच्या हद्दीला टेकलेलं आहे. या लॅपटॉपकडून यापेक्षा जास्त मागता येणार नाही. अजून हवंच असेल तर MSI Afterburnerमध्ये कार्डाचं व्होल्टेज थोडं खाली आणून बघता येतं. विजेच्या हद्दीला टेकलेलं कार्ड तेवढ्याच ११५ वॅटमध्ये मग जरा जास्त क्लॉक धरू शकतं. उष्णतेच्या हद्दीलाही हा उपाय लागू पडतो, कारण तिथेही प्रत्येक वॅटला किंमत असते.

डेस्कटॉपवाल्यांसाठी आणि एएमडीच्या प्रोसेसरांसाठी रेघा वाचायची रीत हीच, नावं तेवढी बदलतात. रायझनमध्ये विजेची हद्द `PPT` या नावाने येते आणि HWiNFO ती थेट टक्क्यांत दाखवतं; `CPU PPT Limit [%]` शंभरावर सपाट असेल तर विजेची भिंत. तापमानाच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी. रायझन ७००० मालिकेतले अनेक प्रोसेसर सगळे कोअर राबवणाऱ्या कामात ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच स्थिरावतात, आणि ते तसं आखूनच बनवलेलं आहे असं एएमडीनेच सांगितलं होतं. रेघ ९५वर सपाट दिसली म्हणून लगेच मोठा कूलर आणायला धावू नये. गेममध्ये फ्रेम किती पडल्या ते आधी बघावं. जुन्या रायझनवर आणखी एक भानगड आहे. काही मदरबोर्ड प्रोसेसरला वॅट मुद्दाम कमी कळवायचे, म्हणजे तो हद्द न ओळखता जास्त धावावा. ते उघडकीला आणायला २०२०मध्ये HWiNFOने `Power Reporting Deviation` हा आकडा दाखवायला सुरुवात केली. पूर्ण भाराखाली तो शंभर टक्क्यांपासून बराच दूर असेल तर त्या बोर्डाच्या वॅटच्या स्तंभावर विसंबू नये.

एक प्रकार या दोन्ही खणांत बसत नाही आणि लॉगमध्ये तो सगळ्यात सोपा ओळखू येतो. प्रोसेसर ५० अंशांवर आहे, दहा वॅटही खात नाही, लोड शंभर टक्के, आणि क्लॉक ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्‌झवर खिळलेला. गेम अर्थातच चालण्याच्या पलीकडे. अशा वेळी इंटेलवर `IA: PROCHOT` आणि रायझनवर `Thermal Throttling (PROCHOT EXT)` या स्तंभात `Yes` दिसतो. नाव उष्णतेचं असलं तरी इशारा प्रोसेसरच्या बाहेरून, मदरबोर्डवरून आलेला असतो. व्होल्टेज देणारा भाग तापला तर तो येतो, एखादा सेन्सर खराब झाला तर येतो, आणि बऱ्याचदा लॅपटॉपला आपला चार्जर ओळखता आला नाही तर येतो. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जरशी एका बारीक पिनेतून ओळखपरेड करतात. ती पिन वाकली किंवा बाजारातला स्वस्त चार्जर लावला की लॅपटॉप सावध पवित्रा घेतो आणि प्रोसेसरला तळाशी बसवतो. तपासणी दोन मिनिटांची: लॉग चालू ठेवून चार्जर काढायचा. बॅटरीवर क्लॉक उसळी मारून दोन-तीन हजारांवर गेला तर दोष चार्जरमध्ये किंवा त्याच्या पोर्टमध्ये. दुसरा मूळ कंपनीचा, पुरेशा वॅटचा चार्जर लावून दोघांतला कोण ते ठरतं. बॅटरीवरही क्लॉक ८००वरच राहिला तर मदरबोर्ड दाखवायला न्यावा, आणि सोबत ही सीएसव्ही फाइल पेन ड्राइव्हवर द्यावी, म्हणजे ‘मशीन स्लो आहे’ एवढ्या तक्रारीवर कुणी विंडोज फॉरमॅट करायला घेणार नाही.